डबा फिरवून बघा

माझ्या दोन्ही दाजींचं पोट ऑइलवर चालतं, पण काउंटरच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना. थोरले प्रकाशराव एका अधिकृत सर्व्हिस सेंटरात वर्क्स मॅनेजर आहेत. धाकट्या विलासरावांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्पेअर पार्ट्सचं आणि ऑइलचं दुकान आहे. साडूसाडूंचं एरवी छान जमतं. गाडीत कुठलं ऑइल घालायचं हा विषय निघाला की मात्र जेवण थंड होतं.

या वेळी विषय मीच काढला. माझ्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलची वॉरंटी संपली होती आणि बायकोच्या स्कूटरचं ऑइलही बदलायला आलं होतं. गाडी ज्या कंपनीची तिचंच नाव असलेला डबा घ्यावा, की बाजारातल्या स्वतंत्र ऑइल कंपनीचा, एवढंच मला विचारायचं होतं. विलासरावांनी दुकानातून बाहेरच्या कंपन्यांचे चार डबे आणि गाडीवाल्यांचे दोन आणून ओट्यावर मांडले, प्रकाशरावांनी चष्मा लावला, आणि मी गाडीचं पुस्तक उघडलं. मोटारसायकलच्या पुस्तकात तीनच गोष्टी होत्या : एसएई १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल किंवा त्यावरचं, आणि जासो एमए. स्कूटरच्या पुस्तकात आकडा तोच होता, फक्त शेवटी एमएच्या जागी एमबी होतं.

प्रकाशराव : यात विचार कसला करायचा? इंजिन ज्यांनी बनवलं त्यांनीच ऑइल ठरवलंय. त्यांनी त्याच ऑइलवर हजारो तास इंजिन चालवून बघितलेलं असतं. त्यांच्या नावाचा डबा घे आणि निश्चिंत राहा.

विलासराव : ठरवलंय त्यांनी, बनवलं कुठाय? प्रकाशराव, गाडीवाल्यांच्या आवारात तेलाची विहीर नाही. मूळ तेल रिफायनरीतून येतं, आपल्याकडे मुंबईत माहुलला त्याची रिफायनरी आहेच. ते तळोजा, पाताळगंगा, सिल्वासा अशा ठिकाणच्या कारखान्यांत जातं, तिथं त्यात ॲडिटिव्ह मिसळतात आणि डबे भरतात. गाडीवाल्यांचा डबाही अशाच एखाद्या कारखान्यातून भरून येतो. हे बघा, बारीक अक्षरात काय लिहिलंय. निर्माता एक, विक्रेता दुसरा. ज्याचं नाव समोर मोठ्या अक्षरात आहे, त्यानं ऑइलला हातही लावलेला नाही.

प्रकाशराव : मग काय झालं? एकच आचारी दोन लग्नांचा स्वयंपाक करतो, म्हणून दोन्हीकडची भाजी सारखी होते का? मसाला ज्यानं त्यानं सांगितलेला असतो. कारखाना दुसऱ्याचा असला तरी नुस्खा आमचा आहे. आणि त्या ऑइलमुळे इंजिन बिघडलं तर लोक कारखान्याकडे जाणार नाहीत, आमच्या दारात येतील.

हे उत्तर मला पटलं. विलासरावांनाही पटलं असावं, कारण त्यांनी विहिरीचा मुद्दा पुन्हा काढला नाही. ‘सगळं ऑइल एकाच ठिकाणी बनतं, वरचं लेबल तेवढं वेगळं’ हे गॅरेजमधलं आवडतं वाक्य आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. ठिकाण एक असतं, मिश्रण एक असतंच असं नाही. मिश्रणात काय आहे ते कळायचा ग्राहकाला एकच मार्ग आहे, तो म्हणजे डबा फिरवून मागची बाजू वाचणं. विलासरावांनी तेच केलं.

विलासराव : सुधीर, हा पहिला आकडा म्हणजे ऑइल किती पातळ आणि किती जाड. दहाच्या पुढचा डब्ल्यू थंडीसाठी. आपल्या कोल्हापुरात त्यानं फारसा फरक पडत नाही. तीस हा गरम इंजिनमधला जाडपणा. शंभर अंश तापमानाला त्याचं माप ९.३ ते १२.५ च्या मधे बसलं पाहिजे. हे माप सगळ्या जगात एकच आहे. डबा कंपनीचा असो की बाहेरचा, तीस म्हणजे तीसच. त्यामुळे या बाबतीत दोघांत भांडण लावायचं कारण नाही.

मी : मग लोक ‘इंजिन जुनं झालंय, जाड ऑइल घाल’ म्हणतात ते?

प्रकाशराव : मिस्त्री म्हणतात. गाडी ऑइल खात असेल, धूर मारत असेल, तर जाड ऑइलनं थोडे दिवस तो लपतो. तुझी गाडी तशी आहे का?

मी : नाही.

प्रकाशराव : मग पुस्तकातला आकडा सोडू नकोस. यात मी आणि विलासराव एक आहोत.

विलासराव : दुसरं एपीआय. एसएल, एसएम, एसएन, एसपी असं चढत जातं. एसएल २००१ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. पुढचं अक्षर म्हणजे गाळ कमी, झीज कमी, ऑइल जास्त टिकतं. पुस्तक एसएल म्हणतंय, तर एसएन चालतं. पण इथंच लोक फसतात. त्यांना वाटतं, अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल भारी, म्हणून कारचं उरलेलं महागडं एसपी ऑइल मोटारसायकलमध्ये ओततात.

प्रकाशराव : आणि मग माझ्याकडे येतात.

इथं दोघंही थोडे थांबले, आणि मला वाटतं या सगळ्या वादातली सगळ्यात कामाची गोष्ट त्यानंतर आली. कारमध्ये इंजिनचं ऑइल इंजिनपुरतं असतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, आणि क्लच कोरडा. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लचच्या प्लेटी एकमेकींना घट्ट धरून ठेवतात म्हणून इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचते. म्हणजे ऑइलकडे दोन उलट कामं येतात : पिस्टनपाशी घर्षण कमी करायचं आणि क्लचपाशी ते टिकवायचं. कारच्या नव्या, पेट्रोल वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, त्यांत मॉलिब्डेनमची संयुगंही येतात. ती कारला उपकारक असतात आणि मोटारसायकलच्या क्लचला घातक ठरू शकतात.

विलासराव : म्हणून जपानच्या वाहन-मानक संस्थेनं १९९८ साली दुचाकीच्या ऑइलसाठी वेगळं मानक काढलं. जासो. ऑइल क्लचच्या प्लेटींवर यंत्रात फिरवून बघतात, पकड किती राहते ते मोजतात. पकड चांगली तर एमए, कमी तर एमबी. पुढं २००६ मध्ये एमएचे दोन भाग झाले, एमए१ आणि एमए२. एमए२ ची पकड सगळ्यात जास्त. तुझ्या पुस्तकात नुसतं एमए आहे, तर एमए२ निर्धास्त चालेल.

मी : आणि स्कूटरला एमबी का?

प्रकाशराव : स्कूटरचा क्लच कोरडा, मागच्या चाकाजवळ बेल्टच्या डब्यात. इंजिनच्या ऑइलचा आणि त्याचा संबंधच येत नाही. मग तिथं पकडीची काळजी कशाला? घर्षण कमी करणारं ऑइल घातलं तर ॲव्हरेज किंचित वाढतं. म्हणून एमबी.

विलासराव : आता प्रकाशराव, तुमचेच हे दोन डबे बघा. एकाच कंपनीचे, एकच रंग, एकच लोगो, एकच १०डब्ल्यू-३०. एकावर एमए, दुसऱ्यावर एमबी. सुधीरनं ‘कंपनीचं ऑइल द्या’ एवढंच म्हटलं आणि काउंटरवरच्या पोरानं स्कूटरचा डबा दिला, तर? नाव कंपनीचंच आहे. निश्चिंत राहायचं?

प्रकाशराव हसले, पण उत्तर लगेच आलं नाही. त्यांच्या ‘नाव बघ आणि निश्चिंत राहा’ या मताला लागलेला हा सगळ्यात जोरदार धक्का होता, आणि तो बाहेरच्या ऑइलनं दिलेला नव्हता, त्यांच्याच दोन डब्यांनी दिलेला होता. या बाबतीत मी विलासरावांच्या बाजूनं आहे. लोगो फक्त घराणं सांगतो. घरातलं नेमकं कोण ते मागची बाजू सांगते.

मी : समजा चुकून मोटारसायकलमध्ये एमबी गेलं, तर कळणार कसं?

प्रकाशराव : गावात कदाचित कळणारच नाही. पन्हाळ्याच्या चढाला किंवा आंबा घाटात, मागं माणूस बसवून जा. वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर पिळ. इंजिनचा आवाज चढतो आणि गाडीचा वेग तसाच राहतो. क्लच घसरतोय. काही वेळा करपट वास येतो. लोक क्लचची केबल ताणतात, मग प्लेटी बदलतात, आणि पुन्हा तेच ऑइल ओततात. आधी विचारायचं की मागचं ऑइल कुठलं घातलं होतं. ते काढून एमए२ भरलं तर लवकर लक्षात आलेली केस सुधारते. प्लेटी घसरून जळाल्या असतील तर बदलाव्याच लागतात.

मी : आणि उलटं? स्कूटरमध्ये एमए?

प्रकाशराव : काही होत नाही. ॲव्हरेजमधला थोडा फायदा बुडतो, एवढंच.

आता प्रकाशरावांची पाळी होती. त्यांनी विलासरावांच्या डब्यांपैकी एक, मी कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा, हातात घेतला.

प्रकाशराव : विलासराव, मागची बाजू वाचा म्हणता, वाचतो. इथं लिहिलंय, एपीआय एसएन, जासो एमए२. बरं. एपीआयचा गोल ठसा कुठाय?

विलासराव : नाही त्यावर.

प्रकाशराव : म्हणजे अमेरिकेच्या संस्थेकडून परवाना घेतलेला नाही. परवाना असेल तर गोल ठसा छापता येतो, आणि मग ती संस्था बाजारातून डबे विकत घेऊन तपासते. ठसा नसेल तर ‘एसएन’ ही दोन अक्षरं म्हणजे कंपनीनं स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट. आता जासोची चौकट बघा. एमए२ च्या जोडीला एक नोंदणी क्रमांक असायला हवा. या डब्यावर नुसतं ओळीत ‘जासो एमए२ ला अनुरूप’ असं लिहिलंय. ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘अनुरूप’ यांत फरक आहे हे तुम्हाला माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही.

विलासराव : जासोची नोंदणीसुद्धा कंपनी स्वतःच चाचणी करून करते.

प्रकाशराव : करते, पण नाव-नंबर देऊन करते. उद्या कुणी विचारलं तर पळता येत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे. आमच्या डब्यावर ठसा असो नसो, मागे गाडीची कंपनी उभी आहे. तुमच्या पहिल्या तीन डब्यांमागे मोठ्या ऑइल कंपन्या आहेत, नोंदणी आहे, ते मी माझ्या मुलाच्या गाडीत घालीन. या चौथ्यामागे कोण आहे?

विलासरावांनी चौथा डबा गुपचूप पिशवीत परत ठेवला. ‘स्वस्तात मागणारे येतात म्हणून ठेवावा लागतो’ असं काहीतरी ते म्हणाले. मागची बाजू वाचणं हा विलासरावांचा नियम खरा, पण मागे छापलेलं सगळंच सारख्या वजनाचं नसतं, ही प्रकाशरावांची भर मला त्या नियमाइतकीच महत्त्वाची वाटते. गोल ठसा किंवा नोंदणी क्रमांकाची चौकट असेल तर कुणीतरी जबाबदारी घेतलेली असते. नुसतं वाक्य असेल तर ते जाहिरातीतलं वाक्य आहे असं समजावं.

मग पैशाची गोष्ट निघाली. विलासरावांनी बिलबुकाचं पान उलटं केलं आणि आकडे मांडले. किमती दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून हे आकडे नमुन्याचे समजावेत. हिशेबाची रीत मात्र कुणालाही आपल्या डब्यांवर लावता येईल.

विलासराव : मोटारसायकलला ऑइल बदलताना एक लिटर लागतं. कंपनीचा डबा ४३० रुपये धरू. बाहेरचा, याच तीन गोष्टी तंतोतंत असलेला, त्यावर किंमत छापलीय ४८०, मी देतो ४१० ला. आणि हा तिसरा, फुल सिंथेटिक, मी देतो ८५० ला. तू वर्षाला १२,००० किलोमीटर चालवतोस. पुस्तक ६,००० वर बदल म्हणतं. म्हणजे वर्षाला दोनदा.

मी : म्हणजे कंपनीचं ८६०, बाहेरचं ८२०, सिंथेटिक १,७००.

प्रकाशराव : वर्षाला चाळीस रुपये वाचवण्यासाठी एवढा वाद!

विलासराव : तेच सांगतोय मी. सारख्या दर्जाचं ऑइल घेतलं तर कंपनीचं आणि बाहेरचं यांत फरक फार राहतच नाही. फरक आहे तो दर्जाचा. आता सिंथेटिकचं बघ. कंपनीच्या डब्यापेक्षा वर्षाला ८४० रुपये जास्त. तुझी गाडी पन्नासचा ॲव्हरेज देते, वर्षाला २४० लिटर पेट्रोल, १०५ रुपयांनी २५,२०० रुपये. हे ८४० पेट्रोलमधून परत मिळवायचे तर ॲव्हरेज पन्नासवरून जवळजवळ पावणेबावन्नला गेलं पाहिजे, आणि वर्षभर तिथंच राहिलं पाहिजे.

मी : जाईल?

विलासराव : दोन्ही १०डब्ल्यू-३०, दोन्ही एमए२. विकणारा म्हणून मला हो म्हणायला आवडेल.

प्रकाशराव : सिंथेटिकवाले म्हणतात की ते जास्त टिकतं, दहा हजारांवर बदला.

विलासराव : मोटारसायकलमध्ये ते गणित कारसारखं चालत नाही. गिअरचे दात ऑइलला चिरडतात. जाडपणा टिकवण्यासाठी ऑइलमध्ये जी लांब साखळीची रसायनं असतात, ती तुटतात आणि ऑइल पातळ होत जातं. त्यात थोडं पेट्रोल उतरतं, क्लचची बारीक धूळ मिसळते. सिंथेटिक यातलं काही थोपवतं, सगळं नाही. पुस्तकाच्या आकड्यापलीकडे मी गिऱ्हाइकाला नेत नाही. आणि सहा हजारालाच बदलायचं असेल, रोज ऑफिसला जायचं असेल, तर ८५० चा डबा हौस म्हणून घ्यावा. लांबच्या भर उन्हातल्या रपेटी करणाऱ्याची, इंजिन तापवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

स्कूटरच्या हिशेबात तर सगळ्यांचीच गंमत झाली. तिला ऑइल काढून भरताना ६५० ते ७०० मिलिलिटर लागतं आणि डबा ८०० चा मिळतो. कंपनीचा एमबी डबा ३७० रुपये, बाहेरच्या मोठ्या कंपनीचा एमबी ३९५. म्हणजे इथं कंपनीचाच स्वस्त. ‘कंपनीचं महाग, बाहेरचं स्वस्त’ हे आपण कारवरून शिकलेलं वाक्य दुचाकीला लावत बसतो. दुचाकीत कित्येकदा उलटं असतं, कारण गाडीवाली कंपनी साधं, नेमकं पुस्तकाएवढंच ऑइल विकते आणि बाहेरची कंपनी सिंथेटिक, रेसिंग, अल्ट्रा अशा पायऱ्या चढवत ग्राहकाला वर नेते. मी विलासरावांना हे बोलून दाखवलं. त्यांनी नाकारलं नाही.

प्रकाशरावांना मात्र एक टोचणी लागली होती, कारण मी त्यांनाही सोडलं नाही. सर्व्हिस सेंटरात ऑइल पिंपातून मिलिलिटरवर मोजून घालतात की अख्खा डबा फोडून बिलात लावतात, हे विचारलं. दोन्ही चालतं, ते म्हणाले. पिंपातून घेतलं तर बिलावर किती मिलिलिटर लिहिलंय ते पुस्तकाशी ताडून बघायचं. डबा फोडला तर उरलेलं मागून घ्यायचं. स्कूटरचं उरलेलं शंभर-दीडशे मिलिलिटर स्कूटरलाच पुढं भर घालायला ठेवायचं, मोटारसायकलमध्ये नाही. का, ते वर आलंच आहे.

तोपर्यंत पारडं विलासरावांकडे झुकलं होतं. प्रकाशरावांनी ते ओळखलं आणि थेट साडूच्या दारात उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. विलासरावांची डिझेल कार, २०२१ ची, म्हणजे बीएस-६.

प्रकाशराव : त्यात काय घालता?

विलासराव : सी३.

प्रकाशराव : का? तुमच्या दुकानात डिझेलचं १५डब्ल्यू-४० निम्म्या किमतीत आहे. ट्रकवाले घेतात.

विलासराव : तुम्हाला माहीत आहे का ते.

प्रकाशराव : सुधीरला सांगा.

विलासराव : एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराच्या नळीला काजळीचा फिल्टर आला. काजळी साठली की गाडी स्वतः फिल्टर तापवते, सहाशे अंशांच्या आसपास, आणि काजळी जळून जाते. पण इंजिन थोडंथोडं ऑइलही जाळतं. ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक असल्या द्रव्यांची राख होते. राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून युरोपच्या मानकात सी३ ऑइलला राखेची मर्यादा ०.८ टक्के ठेवलीय. जुन्या पद्धतीच्या ए३/बी४ ऑइलमध्ये ती १ ते १.६ टक्के असते. ट्रकच्या जुन्या डिझेल ऑइलमध्येही एक टक्क्याच्या वर असते.

प्रकाशराव : म्हणजे राख दुपटीपर्यंत. फिल्टर लवकर भरतो, गाडी सारखी स्वतःला तापवायला लागते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वर चढते. फिल्टर बदलायचा तर दहा-वीस हजारांत भागत नाही. हे सगळं वाचवलेल्या अठराशे रुपयांसाठी. बरं, सी३ मध्ये तुम्ही आमचं घालता की बाहेरचं?

विलासराव : बाहेरचं. गाडीच्या कंपनीनं मान्यता दिलेलं, मान्यतेचा क्रमांक छापलेलं.

प्रकाशराव : स्वस्त पडतं?

विलासराव : लिटरला तीस रुपयांनी. पाच लिटर लागतं, म्हणजे दीडशे.

इथं मला सगळा वाद नीट दिसला. अपेक्षा जितकी नेमकी, तितकी बाहेरच्या आणि कंपनीच्या डब्यातली दरी कमी. कारण महाग असतं ते मिश्रण आणि त्याच्या चाचण्या, आणि त्या दोघांनाही कराव्या लागतात. बाहेरचा डबा फारच स्वस्त मिळत असेल तर तो बहुतेक वेळा दुसऱ्याच दर्जाचा असतो. आणि कंपनीचा फारच महाग वाटत असेल तर आपण त्याची तुलना भलत्याच डब्याशी करतोय का, ते आधी बघावं.

वॉरंटीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

प्रकाशराव : तुझी संपली म्हणून मोकळा आहेस. चालू असती तर माझा सल्ला सरळ होता, आमच्याकडेच ये.

विलासराव : भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला निकाल दिला होता, प्रकाशराव. चौदा कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड. आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं, गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्यावरून सगळी वॉरंटी रद्द अशी सरसकट अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच नाकारता येईल.

प्रकाशराव : निकाल कारवाल्यांविरुद्ध होता, दुचाकीवाल्यांविरुद्ध नाही, आणि नंतर कंपन्या कोर्टात गेल्या. पण तेही बाजूला ठेवू. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. इंजिन जाम होऊन गाडी येते. आम्ही पहिल्यांदा लोगो बघत नाही. ऑइल वेळेवर बदललं का, कुठल्या दर्जाचं घातलं, याचा पुरावा मागतो. दहापैकी नऊजणांकडे कागदच नसतो. तोंडी सांगतात, ‘भारीतलं घातलंय.’ आयोगाचा निकाल खिशात असून उपयोग काय, बिल नसेल तर?

याला विलासरावांकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर त्यांना ते नको होतं. बिल देणारा दुकानदार म्हणून हा मुद्दा त्यांच्या फायद्याचाच होता. बनावट मालाचा विषय निघाला तेव्हा दोघं एकदम एका बाजूला आले. नकली ऑइल नामांकित नावाचंच बनतं, मग ते नाव गाडीच्या कंपनीचं असो की ऑइल कंपनीचं. खरा रिकामा डबा भंगारात जातो आणि कुणीतरी त्यात वापरलेलं, गाळून स्वच्छ दिसणारं ऑइल भरतं. म्हणून झाकणाची कडी अखंड आहे का, झाकणाखालचा चांदीसारखा पापुद्रा तुटलेला नाही ना, बॅच नंबर आणि महिना पुसट किंवा खरवडलेला नाही ना, हे आपल्या डोळ्यांदेखत बघायचं, आणि ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्यात स्क्रू-ड्रायव्हरनं भोक पाडून मगच तो मिस्त्रीकडे द्यायचा. प्रकाशरावांच्या सेंटरात ऑइल पिंपातून घातलं तर काळजी कमी. रस्त्यावरच्या दुकानात कंपनीच्या नावाचा डबा घेतला तर मात्र नाव तुम्हाला वाचवत नाही.

मी : स्वयंचलित गिअरच्या गाडीचं गिअर ऑइल?

विलासराव : ते मागायला आला तर मीच यांच्या काउंटरवर पाठवतो. इंजिन ऑइलला सगळ्यांना सारखी मानकं आहेत. त्या गिअरबॉक्सच्या द्रवाचं माप प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि सगळं डब्यावर उघड लिहिलेलं नसतं. जिथं मला मागची बाजू वाचून ठरवता येत नाही, तिथं मी विकत नाही.

प्रकाशराव : हे रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं.

शेवटी मी स्कूटरसाठी कंपनीचा एमबी डबा घेतला, आणि मोटारसायकलसाठी नोंदणी क्रमांकाची चौकट असलेलं, बाहेरचं एमए२. विलासराव बिल फाडायला लागले तेव्हा प्रकाशरावांनी त्यांचा हात थांबवला. नुसतं ‘ऑइल १ नग’ लिहू नका, म्हणाले. ऑइलचं नाव, १०डब्ल्यू-३०, एमए२, बॅच नंबर, गाडीचा नंबर आणि आजचं किलोमीटर लिहा. विलासरावांनी कुरकुरत सगळं लिहिलं, आणि खाली वीस रुपयांची सूट कापून घेतली. मेहुण्याला सूट दिली की साडूच्या सर्व्हिस सेंटरला ती द्यावी लागेल, असं कारण त्यांनी सांगितलं.